नऊ थर, दोन गैरहजर

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी विषय कळवला त्याच्या दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टर, विषय उत्तम आहे, पण निमंत्रणपत्रिका घरोघरी जाते. हा शब्द छापायचा कसा?" मी म्हटलं, ‘जांघेची शरीररचना’ असं छापा, पुढचं मी बघतो. त्यांनी तसंच छापलं. आता दारं बंद आहेत, तर विषय सरळ सांगतो. पुरुषाचा वृषणकोश कोणकोणत्या थरांनी बनतो आणि त्यातला प्रत्येक थर पोटाच्या भिंतीतल्या कोणत्या थरातून येतो, एवढाच आजचा विषय आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनीच हा विषय मला शिकवला. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये एका सकाळी ते घरची जुनी गोधडी घेऊन आले. आम्हाला वाटलं, सरांना थंडी वाजतेय. त्यांनी दोघांना गोधडीची टोकं ताणून धरायला लावली, तिसऱ्याला मागे उभं केलं आणि सांगितलं, "मूठ वळ आणि मागून दाब." समोरच्या बाजूला टेंगूळ आलं. सरांनी आम्हाला विचारलं, "आता हे टेंगूळ मी समोरून कापत गेलो, तर मुठीपर्यंत पोहोचेस्तोवर काय काय लागेल?" कुणीतरी म्हणालं, "गोधडीतली सगळी लुगडी, सर. वरून जशी आहेत त्याच क्रमानं." सर म्हणाले, "झालं. स्क्रोटम शिकून झाला. घरी जा."

आम्ही अर्थातच घरी गेलो नाही. पण ती गोधडी पुढे तीसएक वर्षं ऑपरेशन टेबलावर माझ्यासोबत राहिली. आज तिचाच आधार घेणार आहे आणि ती कुठे कमी पडते तेही सांगणार आहे. सरांची चूक काढली की ते खूश व्हायचे, म्हणून हे धाडस.

पहिली गोष्ट भिंतीची.

जांघेच्या थोडं वर, पोटाच्या खालच्या भागात, बाहेरून आत एक सुई घालत गेलो असं समजा. प्रथम लागते त्वचा. तिच्याखाली सैल चरबीचा थर, ज्याला डच शरीररचनाकार कॅम्परचं नाव आहे. त्या चरबीच्या तळाशी पातळ पण चिवट पापुद्रा असतो, त्याला इटलीच्या स्कार्पाचं नाव आहे. इथवर झाले तीन.

मग तीन स्नायू, प्लायवुडच्या पट्ट्यांसारखे, प्रत्येकाचे तंतू वेगळ्या दिशेनं गेलेले. बाहेरचा एक्स्टर्नल ऑब्लिक. त्याचे तंतू कसे जातात ते बघायचं असेल तर पँटच्या खिशात हात घाला. बोटं जशी तिरकी खाली आणि मध्याकडे जातात, तसेच. मधला इंटर्नल ऑब्लिक बहुतेक ठिकाणी त्याच्या उलट्या दिशेनं जातो. सगळ्यात आतला ट्रान्सव्हर्सस, नावाप्रमाणे आडवा. त्याच्याही आत ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया नावाचा पापुद्रा. या दोन नावांची गल्लत होते, म्हणून लक्षात ठेवा, ट्रान्सव्हर्सस हा स्नायू आहे आणि ट्रान्सव्हर्सॅलिस हे त्याच्यामागचं अस्तर. मग पुन्हा थोडी चरबी. आणि शेवटी पेरिटोनियम, म्हणजे आतड्यांना सामावणाऱ्या पोकळीचा गुळगुळीत पडदा.

मोजा. त्वचा, चरबी, पापुद्रा, तीन स्नायू, अस्तर, आतली चरबी, पडदा. नऊ थर. नऊवारी म्हणा हवं तर.

आता प्रश्न असा. हे नऊ थर खाली वृषणकोशात उतरतात तेव्हा नऊच्या नऊ येतात का? येत नाहीत. दोन गैरहजर असतात. कोणते आणि का, हे कळलं तर हा विषय पाठ करावा लागत नाही. इंग्रजीत विद्यार्थ्यांनी या थरांसाठी एक वाक्य रचलेलं आहे, कुणा एका इंग्रजाच्या नावानं बोटं मोडणारं. त्यातल्या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून क्रम आठवतो. क्रम आठवतो, पण कारण आठवत नाही, आणि कारणाशिवाय क्रम परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतो.

दुसरी गोष्ट प्रवासाची.

वृषण जन्मतः जिथे दिसतो तिथे तयार होत नाही. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात तो पोटाच्या मागच्या भिंतीला, मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होतो. त्याच्या खालच्या टोकापासून जांघेतून पुढच्या वृषणकोशाच्या जागेपर्यंत एक लिबलिबीत दोरी गेलेली असते. लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी अठराव्या शतकात तिला ‘गुबर्नाक्युलम’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सुकाणू. नाव चपखल आहे, कारण ही दोरी रहाट ओढावा तशी वृषणाला ओढून आणत नाही. ती वाट राखते, जाडजूड होऊन जांघेतला बोगदा रुंद करते आणि दिशा दाखवते.

सुमारे सातव्या महिन्यात वृषण जांघेच्या आतल्या दाराशी पोहोचतो, बोगदा ओलांडतो आणि बहुतेक बाळांमध्ये जन्माच्या आधी काही आठवडे वृषणकोशात स्थिरावतो. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांमध्ये वृषण खाली न उतरलेला जास्त वेळा सापडतो. बाळ लवकर आलं, त्याचा वृषण अजून वाटेत आहे.

इथे सरांच्या गोधडीत पहिली दुरुस्ती करावी लागते. गोधडीत मूठ टेंगूळ पाडते. शरीरात वृषण भिंतीला ढकलत नाही. वृषण निघण्याच्या आधीच पेरिटोनियमची एक बोटासारखी पिशवी भिंतीतून पुढे निघते, आणि तिच्यासोबत भिंतीचे थर एकेक करून नळीसारखे ताणले जातात. बोगदा आधी तयार होतो, वृषण मागून येतो. आणि तो त्या पिशवीच्या पोकळीतून येत नाही, तिच्या मागच्या बाजूनं घसरत येतो. लग्नाच्या वरातीत बँडवाले पुढे असतात आणि नवरदेव मागून, तसं. बँडवाल्यांनी रस्ता मोकळा केलेला असतो.

दुसरी दुरुस्ती अशी. वृषणकोशाची त्वचा आणि तिच्या लगतचा थर पोटावरून ताणून खाली आलेले नाहीत. ती पिशवी जागेवरच, जननेंद्रियाच्या दोन बाजूंच्या उंचवट्यांतून तयार होते. ते उंचवटे मध्यभागी जुळतात, आणि त्या जोडाची शिवण आयुष्यभर दिसते. पोटाच्या त्वचेशी ती पिशवी सलग आहे, पण तिथून आलेली नाही. म्हणजे पिशवी आधीपासून वाट बघत होती आणि अस्तरं वरून आली. दोन्ही मिळून वृषणकोश होतो. सरांना हे मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरोबर. पण गोधडी तुझ्या लक्षात राहिली की नाही?"

आता तिसरी गोष्ट, थरांची ओळखपरेड. बाहेरून आत.

त्वचा सलग आहे, तिच्याबद्दल बोलून झालं. तिच्याखाली पोटात कॅम्परची चरबी होती. वृषणकोशात ती नाही. हा पहिला गैरहजर. का नाही? शुक्रपेशी तयार होण्यासाठी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. चरबी म्हणजे रजई. तिच्या जागी इथे डार्टॉस नावाचा अनैच्छिक स्नायूंचा पातळ थर त्वचेला आतून चिकटलेला असतो. थंडीत तो आकसतो, त्वचेला सुरकुत्या पडतात आणि उष्णता टिकते. उन्हाळ्यात तो सैल होतो, पिशवी लोंबते आणि उष्णता बाहेर जाते. या थराला वरून हुकूम लागत नाही. तो आपल्या इच्छेचा नोकर नाही.

डार्टॉसच्या लगतचा पापुद्रा म्हणजे पोटातल्या स्कार्पाच्या पापुद्र्याचाच खालचा भाग. पुढे तो मूत्रमार्गाच्या बाजूला जातो, तिथे त्याला डब्लिनच्या कॉलिसचं नाव मिळतं. एकाच रस्त्याला चौकाचौकात वेगळं नाव असावं, तसं हे. हा पापुद्रा सलग आहे याचा पुरावा कसा द्यायचा? पुरावा अपघातात मिळतो. सायकलच्या दांड्यावर पाय फाकून आपटलेल्या माणसाची मूत्रमार्गाची नळी कधीकधी खाली फाटते. लघवी नळीबाहेर पडते आणि या पापुद्र्याखाली पसरते. कुठे जाते? आधी वृषणकोश फुगतो, मग शिश्न, मग ती पोटाच्या खालच्या भिंतीवर वर चढते. पण मांडीत उतरत नाही. जांघेच्या घडीखाली बोटभर अंतरावर सूज रेघ आखल्यासारखी थांबते, कारण हा पापुद्रा तिथे मांडीच्या जाड आवरणाला घट्ट चिकटलेला असतो. मागे गुदद्वाराकडेही जात नाही, तिकडेही तो बांधलेला असतो. सूज कुठे पसरते आणि कुठे अडते हे बघून तिथे कोणता थर कुणाला जोडलेला आहे ते कळतं. अशा रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसलं तर घाईनं नळी घालायची नसते, अर्धवट फाटलेली नळी त्यानं पूर्ण तुटू शकते. हे आजच्या विषयाबाहेर आहे, पण सांगून ठेवतो.

पुढचा थर एक्स्टर्नल ऑब्लिकचा. जांघेजवळ या स्नायूत लाल मांस उरत नाही, फक्त पांढरी चकचकीत चादर असते. तिच्यात त्रिकोणी फट आहे, तिला बाह्य द्वार म्हणतात. वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांचा दोर तिथून बाहेर पडतो. पण तो नागडा बाहेर पडत नाही. फटीच्या कडांपासून एक पातळ पापुद्रा दोरावर नळीसारखा उतरतो. त्याला एक्स्टर्नल स्पर्मॅटिक फॅशिया म्हणतात. बाहेरच्या स्नायूपासून बाहेरचं अस्तर, एवढं लक्षात ठेवायचं.

मग इंटर्नल ऑब्लिक. हा जांघेच्या अस्थिबंधाच्या बाहेरच्या बऱ्याच मोठ्या भागापासून उगवतो, म्हणून दोर आतल्या दारातून निघतो तेव्हा हा स्नायू त्याच्या नेमका समोर असतो. दोरावर तो आपले तंतू पाठवतो. त्यांच्या लाल माळा दोरावरून खाली जाऊन वृषणाभोवती वळसे घेऊन परत येतात. हाच क्रेमॅस्टर स्नायू. ग्रीकमध्ये टांगणारा. हा स्नायू म्हणजे माझ्या विषयाचा साक्षीदारच. कसा? लहान मुलाच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटानं हलकेच रेघ ओढा. त्या बाजूचा वृषण टुणकन वर सरकतो. मांडीची संवेदना आणि क्रेमॅस्टरचं आकुंचन, दोन्हींचे तार कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर जुळतात. स्नायू पिशवीत गेला, पण तार पोटाच्या भिंतीच्याच पातळीवर आहे.

या स्नायूमुळे आयांची रात्रीची झोप उडते, तेही सांगतो. दोन ते सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये क्रेमॅस्टर फार चपळ असतो. थंड हात लागला की वृषण जांघेत पळतो. आई म्हणते, "डॉक्टर, एकच गोटी आहे हो." मी विचारतो, "गरम पाण्यानं अंघोळ घालताना बघितलंत का?" पुढच्या वेळी ती हसत येते. दोन्ही खाली सापडले आणि खाली राहिले, तर तो न उतरलेला वृषण नाही, पळपुटा वृषण आहे. त्याला ऑपरेशन लागत नाही. पण मोठं होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवावा, कारण क्वचित एखादा पुढे वरच राहतो.

आता ट्रान्सव्हर्सस. हा दुसरा गैरहजर. तीन भावांपैकी दोघांनी कापड दिलं आणि तिसऱ्यानं नाही, असं का? कारण हा स्नायू अस्थिबंधाच्या बाहेरच्या थोड्याशाच भागापासून निघतो आणि कमान करून दोराच्या वरून पलीकडे जातो. दोर त्याच्या खालच्या कडेखालून सरकतो. पुलाखालून होडी जावी तसा. पुलाला धक्का लागत नाही, मग पूल होडीवर काय चढवणार? काही पुस्तकं त्याचे दोन-चार तंतू क्रेमॅस्टरच्या खात्यात जमा करतात. त्यानं हिशोब बिघडत नाही. स्वतंत्र थर मात्र तो देत नाही.

नंतर ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया. इथे एक गैरसमज दूर करू. जांघेच्या आतल्या दाराला ‘द्वार’ म्हटलं की भोक डोळ्यासमोर येतं. ते भोक नाही. त्या जागी हा पापुद्रा हातमोज्याच्या बोटासारखा बाहेर ओढला गेलेला आहे, आणि बोट जिथे सुरू होतं त्या तोंडाला आपण द्वार म्हणतो. ही बोटासारखी नळी म्हणजे इंटर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. आतल्या चरबीचे थोडे तुकडे तिच्यासोबत दोरात येतात, सलग थर होत नाही. पण तेही हजरच, आणि त्यांचं काम पुढे दिसेल.

शेवटी पेरिटोनियम. ती पुढे धावलेली बोटासारखी पिशवी आठवते? वृषण खाली बसल्यावर तिचा मधला दांडा आकसून बुजतो. तळाचा भाग वृषणाला पुढून आणि बाजूंनी कुशीत घेऊन दुपदरी पिशवी म्हणून उरतो. हा ट्यूनिका व्हजायनॅलिस. एक पदर वृषणाला चिकटलेला, एक कोशाच्या भिंतीला, मध्ये नावापुरता ओलावा. या दोन पदरांत पाणी साठलं की त्याला आपण अंडवृद्धी किंवा हायड्रोसील म्हणतो. हत्तीरोगाचा त्रास असलेल्या पूर्व विदर्भात हे पाणी अनेक पुरुषांनी वर्षानुवर्षं वागवलेलं आहे. काळोख्या खोलीत मागून बॅटरी धरली की पाण्याची सूज लालसर उजळते, आणि वृषण त्या पाण्यात लपलेला असल्यानं वेगळा हाताला लागत नाही.

तर नऊमधून दोन गेले. चरबी गेली, ट्रान्सव्हर्सस गेला. सात उरले, त्यातली आतली चरबी तुटक. हिशोब जुळला.

चौथी गोष्ट. हा हिशोब खरा आहे याची खात्री टेबलावर कशी होते, ते एका मुलाच्या निमित्तानं सांगतो.

तीन वर्षांचा मुलगा. आई सांगत होती, "रडला की उजव्या जांघेत गोळा येतो, निजला की जातो." मी त्याला फुगा फुगवायला दिला. फुगवता फुगवता जांघेत लिंबाएवढा गोळा आला आणि खाली कोशाकडे सरकला. हलकेच दाबला तर गुडगुड आवाज करून आत गेला. आतडं होतं. म्हणजे अंतर्गळ. पिशवीचा दांडा बुजायचा राहून गेला होता. दांडा अगदी अरुंद राहिला असता तर फक्त पाणी उतरलं असतं आणि सकाळी लहान, संध्याकाळी मोठी अशी सूज दिसली असती. तशी सूज बहुतेक बाळांमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जाते, म्हणून थांबता येतं. आतडं उतरत असेल तर थांबायचं नसतं, ते अडकू शकतं.

जांघेच्या घडीत दोन-अडीच सेंटिमीटरची आडवी चीर दिली. एक, त्वचा. दोन, चरबी. तीन, स्कार्पाचा पापुद्रा. लहान मुलांत हा पापुद्रा इतका ठसठशीत असतो की शिकाऊ सर्जन त्यालाच स्नायूची चादर समजतो आणि पुढचं सगळं चुकतं. ओळखायचं कसं? स्कार्पाच्या खाली पुन्हा चरबी दिसते. खऱ्या चादरीवर तिरके चमकदार तंतू दिसतात, खिशात हात घातल्याच्या दिशेनं. चार, ती चादर. तंतूंच्या दिशेनंच उघडायची, खालची मज्जातंतूची दोरी सांभाळून.

समोर दोर दिसतो. त्याच्यावर गुलाबी-लाल तंतू असतात. पाच, क्रेमॅस्टर. ते चिमट्यानं बाजूला सारायचे. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखं एक अस्तर. सहा, इंटर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. ते उघडलं की दोराच्या पुढच्या, आतल्या बाजूला मोत्यासारखी पांढरी पातळ पिशवी दिसते. हीच ती. पुढे धावलेली पिशवी पुढेच सापडते, आणि मागून आलेल्या वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी तिच्या मागे. शुक्रवाहिनी बोटांना ताठ सुतळीसारखी लागते. तिला चिमट्यात धरायचं नाही. ओल्या बोळ्यानं तिला पिशवीपासून अलगद सोडवत वर जायचं.

किती वर? हाच कळीचा प्रश्न आहे. पिशवी खाली बांधली तर वर तोंड उघडं राहतं आणि अंतर्गळ परत येतो. मग वर कुठे थांबायचं? पिशवीच्या मानेशी पिवळी चरबी दिसेपर्यंत. ही भिंतीच्या मोजणीतली आठवी, आतली चरबी. ती दिसली की आपण भिंतीच्या मूळ ठिकाणी, म्हणजे घराच्या उंबऱ्यावर पोहोचलो. तिथे पिशवी पिळून, टाका घेऊन बांधायची आणि कापायची. मोठ्या माणसाला जाळी बसवतात, या मुलाला काही बसवलं नाही. त्याची भिंत कमकुवत नव्हती, एक दार लावायचं राहिलं होतं. शेवटी वृषण पुन्हा तळाशी नेऊन ठेवायचा, नाहीतर तो वर चिकटून राहतो. मुलगा त्याच संध्याकाळी घरी गेला. फुगा मात्र दवाखान्यातच फुटला होता, नवा द्यावा लागला.

आता शेवटची गोष्ट. इथवर आवरणांबद्दल बोललो. प्रत्येक आवरण आपल्या घरचा पत्ता सांगतं. पण आत जो बसलाय, त्याचं घर कुठलं? त्याचं घर जांघेत नाही. ते मूत्रपिंडाशेजारी.

म्हणून त्याची धमनी जवळच्या जांघेतून येत नाही, थेट महाधमनीतून, कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरून खाली येते. म्हणून त्याचा लसीकाप्रवाह जांघेतल्या गाठींत जात नाही, पोटात खोल, महाधमनीजवळच्या गाठींत जातो. कोशाच्या त्वचेचा मात्र जांघेतच जातो. वृषणात कर्करोगाची शंका असेल तर सर्जन कोशावर चीर देत नाही, जांघेतून दोर धरून काढतो, याचं कारण हेच. दोन वेगवेगळ्या घरांचे रस्ते एकमेकांत मिसळू द्यायचे नसतात.

आणि संवेदना? एकदा हायड्रोसीलचं ऑपरेशन चालू होतं. पाठीत इंजेक्शन दिलेलं, पण भूल कमी उंचीपर्यंत चढली होती. त्वचा कापली, रुग्णाला काही नाही. पिशवी उघडली, काही नाही. वृषण बाहेर ओढला आणि तो गृहस्थ म्हणाला, "खाली काहीच कळत नाहीये साहेब, पण बेंबीजवळ ओढल्यासारखं होतंय." तो आपल्या वृषणाचा जन्मपत्ता सांगत होता. वृषणाची वेदना छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर पोहोचते आणि बेंबीची संवेदनाही तिथेच पोहोचते. म्हणून या ऑपरेशनला भूल बेंबीपर्यंत चढलेली लागते.

थोडक्यात पुन्हा सांगतो. भिंतीचे नऊ थर. खालच्या पिशवीची त्वचा आणि डार्टॉस तिथलेच, पोटाशी सलग. बाहेरच्या स्नायूपासून बाहेरचं अस्तर, मधल्यापासून क्रेमॅस्टर, आतल्यापासून काही नाही, ट्रान्सव्हर्सॅलिसपासून आतलं अस्तर, पेरिटोनियमपासून ट्यूनिका. दोन गैरहजर. आणि आत पाहुणा, ज्याच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू अजूनही मूळ घराला बांधलेले.

यातलं एकच घरी घेऊन जायचं असेल तर हे न्या. काही मुलांमध्ये ट्यूनिका वृषणाला मागूनही पूर्ण वेढते, मागची पकड राहत नाही आणि वृषण घंटेच्या लोलकासारखा सुटा लोंबतो. वयात येताना तो कधीतरी आपल्याच दोरावर पिळला जातो. रक्त तुटतं. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, मग ती झपाट्यानं घटते. असा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे उठून काय सांगतो? "पोटात दुखतंय." उलटी करतो. खालचं बोलायला लाजतो. आणि खरंच त्याला पोटातच दुखत असतं, ते तुम्हाला आता माहीत आहे. घरचे ओवा देतात, दवाखान्यात पोट तपासून गोळी मिळते, आणि सहा तास निघून जातात.

म्हणून सर आम्हाला प्रत्येक तुकडीला एक वाक्य सांगायचे, आणि मी ते तुम्हाला सांगून थांबतो. मुलगा पोटात दुखतंय म्हणाला, तर त्याची चड्डी उतरवून बघितल्याशिवाय त्याचं पोट तपासून झालं असं समजू नका.